क्लेमचं पत्र: दोन ओळींचं की सविस्तर?

नोकरीत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला की ग्रुप टर्म पॉलिसीच्या क्लेमसाठी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लागतं, कारण पॉलिसीधारक कंपनी असते, कर्मचारी फक्त सभासद. महापे-रबाळे पट्ट्यातल्या कंपन्यांत या पत्राचे दोन प्रकार दिसतात. एकात मजकूर असतो, 'आमच्या कर्मचाऱ्याचं निधन झालं आहे, सोबत क्लेम फॉर्म आणि कागद जोडले आहेत'. दुसऱ्यात नोकरी, रजा, पगार आणि विम्याची रक्कम कंपनी स्वतः मांडते.

दोन ओळींचं पत्र त्याच दिवशी जातं. पगार बदललेला नसेल, माणूस शेवटपर्यंत कामावर येत असेल आणि नॉमिनी एकच असेल, तर ते पुरतं. यांतलं काहीही वेगळं असेल तर मात्र विमा कंपनीकडून प्रश्न येतात, आणि एकेका प्रश्नाच्या फेरीत आठवडा सहज जातो.

एक हिशेब बघू. समजा, ऐरोलीत राहणारा कर्मचारी, विमा वार्षिक सीटीसीच्या तिप्पट, पॉलिसीचं वर्ष 1 जुलै ते 30 जून. 1 जुलै 2024 ला सीटीसी 9,60,000 होती, 1 एप्रिल 2025 पासून 10,80,000 झाली. 2 मेपासून तो वैद्यकीय रजेवर होता आणि 18 मे 2025 ला ठाण्याच्या रुग्णालयात मृत्यू झाला.

रक्कम किती मागायची? जुन्या पगारावर 28,80,000 होतात, नव्यावर 32,40,000. पॉलिसीत 'नूतनीकरणाच्या दिवसाचा पगार' असं लिहिलं असेल तर 28,80,000 च. पगारवाढ वर्षाच्या मध्ये धरली जाते असं असेल, तर सभासदांची आणि त्यांच्या पगारांची एप्रिलची यादी विमा कंपनीला गेली होती का आणि तो बदल पॉलिसीत नोंदल्याचं एन्डॉर्समेंट आलं का, हे आधी बघायचं. त्यातही फ्री कव्हर लिमिट, म्हणजे मेडिकलशिवाय मिळणाऱ्या विम्याची मर्यादा, 30 लाख असेल आणि त्यावरच्या रकमेसाठी मेडिकल झालेलंच नसेल, तर मिळतील 30 लाखच. दोन ओळींच्या पत्रात यातलं काहीच नसतं. घरच्यांना कुणीतरी पगाराच्या स्लिपवरून 32 लाख सांगितलेले असतात आणि मग वाद होतो. सविस्तर पत्रात रक्कम आणि ती कुठल्या तारखेच्या यादीवरून काढली, एवढी एक ओळ पुरे.

रजेचा मुद्दा याहून नाजूक आहे. एचआर सॉफ्टवेअरमध्ये 'शेवटचा कामाचा दिवस' म्हणून 30 एप्रिल भरला गेला (1 मे महाराष्ट्र दिनाची सुट्टी), की माणूस त्या दिवशी नोकरी सोडून गेला असंच कागदावर दिसतं. मेच्या यादीतून नाव वगळलं जातं, कधी उरलेला हप्ताही परत जमा होतो, आणि मग क्लेम येतो तेव्हा तो सभासदच नव्हता असं उत्तर मिळतं. म्हणून पत्रात हे असं स्पष्ट लिहावं:

'प्रत्यक्ष हजेरीचा शेवटचा दिवस 30 एप्रिल 2025. 2 मेपासून मृत्यूपर्यंत मंजूर वैद्यकीय रजा. 18 मे 2025 रोजी ते कंपनीच्या सेवेत होते. राजीनामा दिलेला नव्हता.'

सोबत रजेचा अर्ज आणि मेचा हजेरीपट जोडावा.

सविस्तर म्हणजे मात्र वाटेल ते लिहिणं नव्हे. 'त्यांना दोन वर्षांपासून त्रास होता' असं सहकाऱ्यांकडून ऐकलेलं वाक्य पत्रात आलं, की चौकशीला निमित्त मिळतं. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या नियमांनुसार चौकशी नको असलेला मृत्यूदावा 15 दिवसांत, चौकशीचा 45 दिवसांत निकाली काढायचा असतो. कंपनीच्या नोंदींत जे आहे ते सगळं द्यावं, काही लपवू नये, पण आजाराचं कारण सांगणं हे रुग्णालयाच्या कागदांचं काम.

मृत्यूच्या दाखल्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, त्यामुळे घर ऐरोलीत असलं तरी दाखला ठाणे महापालिकेचा. त्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं असतं आणि पेरोलवर बहुधा वडिलांचं नाव नसतं. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, हे कर्मचारी क्रमांकासह पत्रातच लिहिलं तर वेगळं प्रमाणपत्र मागितलं जाण्याची शक्यता कमी होते.

नॉमिनीच्या बाबतीत मात्र लहान पत्रच बरं. लग्नाआधी आईचं नाव दिलेलं असेल आणि नंतर बदललं नसेल, तर पीएफमधलं ते नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरतं, पण विम्यातलं आपोआप रद्द होत नाही. पत्रात नोंदीतलं नाव आणि नोंदीची तारीख द्यावी. 'पत्नी हीच खरी वारस' असं कंपनीने लिहू नये.