सुटलेलं गिऱ्हाईक परत आणायचंय: व्हॉट्सॲप, एसएमएस की ईमेल?

दुचाकीच्या गॅरेजमधली जुनी जॉबकार्डं काढून बसलं की वर्षाला तीनदा सर्व्हिसिंगला येणारी, पण गेले आठ-नऊ महिने न फिरकलेली बरीच नावं सापडतात. या लोकांना संदेश पाठवायचा, तर कशावरून?

आधी यादी नीट करा. तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक चार महिन्यांनी येत असेल, तर आठ महिने न आलेल्याला सुटलेला धरा. पाच महिने झालेला माणूस फक्त उशीर करतोय. त्याला यादीत घेतलंत, तर तो आपण होऊन येईल आणि श्रेय संदेशाला जाईल.

ईमेलचा विचार गॅरेजने फारसा करू नये, कारण जॉबकार्डावर मोबाइल नंबर असतो, ईमेल क्वचितच. खर्च जवळपास शून्य असला, तरी किती जणांनी मेल उघडला हा आकडाही भरवशाचा राहिलेला नाही. ॲपलच्या मेल ॲपमध्ये 2021 पासून अशी सोय आहे की, माणसाने मेल वाचला नाही तरी तो उघडल्याची नोंद होऊ शकते.

एसएमएस साध्या फोनवरही पोचतो, पण त्याआधी कागदपत्रांचं काम आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार व्यवसायाची डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर, नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर दोन्ही आधी मंजूर करून घ्यावे लागतात. ज्यांनी डीएनडी लावलंय, त्यांच्यापर्यंत जाहिरातीचा संदेश जात नाही. शिवाय देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 अक्षरंच बसतात, इंग्रजीत 160. मराठी मजकूर जरा लांबला की एकाच संदेशाला दोन-तीन एसएमएसचे पैसे पडतात.

व्हॉट्सॲप बिझनेसवर ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवायची, सोय आहे. एका यादीत 256 जण मावतात, गॅरेजला तेवढे पुरतात. अडचण वेगळीच आहे: ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे, त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. आणि सुटलेल्या गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये नेमका तो नसण्याची शक्यता जास्त. म्हणून दोन-अडीचशे लोकांसाठी मी म्हणेन, ब्रॉडकास्ट नको. रोज पंधरा-वीस जणांना, नावाने, एकेक संदेश पाठवा. वेळ जातो, पण तो पोचतो आणि उत्तरही येतं. एका दिवसात शेकडो अनोळखी नंबरांना पाठवू नका. लोक तक्रार नोंदवतात आणि खातं बंद पडू शकतं.

मजकूर साधा ठेवा: ‘नमस्कार पाटीलसाहेब, तुमच्या ॲक्टिव्हाची सर्व्हिसिंग मार्चमध्ये झाली होती. ऑइल बदलायची वेळ होऊन गेली आहे. शनिवारी सकाळी आणता का? गाडी विकली असेल तर तेवढं कळवा.’ शेवटच्या वाक्याचा मोठा उपयोग होतो. ज्याने गाडी विकली किंवा गाव सोडलं, तो यादीतून कमी होतो.

आता मोजणी. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. संदेशानंतर आलेले सगळे संदेशामुळेच आले असं नसतं. त्यासाठी यादीतल्या काही जणांना मुद्दाम काहीच पाठवायचं नाही. कोणाला, हे मनाने ठरवू नका. मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा 3 किंवा 7 असलेले सगळे बाजूला ठेवा. साधारण पाचवा हिस्सा वेगळा निघतो आणि त्यात आवडता-नावडता येत नाही.

समजा यादी 250 जणांची आहे. 200 जणांना पाठवलं, 50 जणांना नाही. प्रत्येकाला संदेश गेल्यापासून 30 दिवस मोजायचे. न पाठवलेल्यांचेही तेवढेच. पाठवलेल्यांपैकी 24 आले, म्हणजे 12 टक्के. न पाठवलेल्यांतूनही 3 आले, म्हणजे 6 टक्के. त्या हिशोबाने 200 पैकी 12 जण तसेही आले असते. संदेशाची खरी कमाई 12, 24 नव्हे.

सवलत द्यावी का, याचं उत्तरही इथेच मिळतं. प्रत्येकाला 100 रुपये सूट दिली असती, तर 24 जणांना 2400 रुपये गेले असते. खरे वाढलेले 12, म्हणजे माणशी 200 रुपये. एका सर्व्हिसिंगमागे तुमच्या हातात 300 उरत असतील, तर ही सूट महागात पडते. म्हणून पहिली फेरी सवलतीविना करा.

नोंद करताना मोबाइलवर जाऊ नका, गाडीच्या नंबरावर जा. गाडी मुलगा घेऊन आला की जॉबकार्डावर त्याचा मोबाइल लागतो आणि परत आलेलं जुनं गिऱ्हाईक नवीन म्हणून मोजलं जातं.

50 जणांच्या गटात दोन माणसं जास्त आली, तरी 6 चे 10 टक्के होतात. त्यामुळे एका महिन्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. दर महिन्याला नव्याने सुटलेल्यांवर हेच करा आणि चार-पाच महिन्यांची बेरीज करून मग बघा. ज्यांना दोनदा पाठवूनही उत्तर आलं नाही, त्यांना तिसरा संदेश पाठवू नका.