कुलरसाठी आधी काय: नवी अर्थिंग की आरसीसीबी?

नागपुरात मे महिन्यात कुलर रात्रंदिवस चालतो. लोखंडी पत्र्याची बॉडी, आत पाणी, पंपाची जुनी वायर आणि भिजलेल्या फरशीवर अनवाणी पाय. पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी कुठे घालावेत, नव्या अर्थिंगमध्ये की करंट गळताच वीज तोडणाऱ्या आरसीसीबीत, असं माझ्या मावशीने विचारलं. तिचं घर महाल भागात आहे, वायरिंग जुनी आहे.

तिच्याकडे अर्थिंग होती. अर्थ टेस्टर लावून मोजली तर ४० ओहम निघाली. पंपाच्या वायरचं इन्सुलेशन फाटून फेज बॉडीला लागला, तर २३० भागिले ४०, म्हणजे जास्तीत जास्त पावणेसहा अँपिअर करंट जमिनीत जाईल. तिची एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, १६ अँपिअरची. ती पडणारच नाही आणि बॉडीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज तसंच राहील. नवा खड्डा करून रेझिस्टन्स १० ओहमवर आणला तरी करंट २३ अँपिअरच होतो. एवढ्यावर एमसीबी पडायला बराच वेळ लागतो, कधी तासाच्या जवळपास. एमसीबी वायर वाचवायला असते, माणूस वाचवायला नाही.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी वेगळं काम करते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला का, एवढंच ती बघते. बॉडीतून ४० ओहमच्या त्याच अर्थिंगमध्ये पावणेसहा अँपिअर गळायला लागले की ती क्षणात पडते, कुणी हात लावायच्या आधीच. म्हणून मावशीला मी आधी आरसीसीबी बसवायला सांगितलं. भाड्याच्या घरात तर अंगण खोदायची परवानगीही मिळत नाही.

पण अर्थिंग अजिबात नसेल तर आरसीसीबी हात लागेपर्यंत गप्प बसते. झटका बसतो, मग ती पडते. तिसऱ्या पिनला न्यूट्रल जोडून ‘अर्थिंग’ दाखवणारा इलेक्ट्रिशियन मात्र दारातूनच परत पाठवा: न्यूट्रल तुटली की कुलरची बॉडी फेज होते. आणि कुणी एकाच वेळी फेज व न्यूट्रल दोन्ही पकडले, तर आरसीसीबीला गळती दिसतच नाही.

गच्चीवरून वा बाल्कनीतून कुलरचं स्टँड चढवताना जवळून जाणाऱ्या तारांपुढे अर्थिंग आणि आरसीसीबी या दोन्हींचा उपयोग शून्य, कारण आरसीसीबी तुमच्या बोर्डात आहे आणि तार तिच्या आधीच, घराबाहेर. ११ केव्हीची लाइन पाइप टेकण्याआधीच झेप घेऊ शकते. तार हाताच्या किंवा पाइपच्या टप्प्यात येत असेल तर १९१२ वर महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या, मगच स्टँड उचला.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. ते फक्त उपकरण तपासतं, अर्थिंग नाही. अर्थिंग मोजायची ती मेमध्येच, काळी माती तडकलेली असताना. ऑगस्टच्या ओल्या जमिनीत आकडा फसवा चांगला येतो.