इन्व्हर्टरवर ड्रायर चालतो म्हणून दाखवलं, ते पहिल्या बटणावर

जुळे सोलापुरात माझं छोटं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक वॉश बेसिन, एक गिझर. गेल्या एप्रिलमध्ये ऐन लग्नसराईत एका नवरीचे केस अर्धे सेट झालेले असताना वीज गेली आणि दीड तास आलीच नाही. बाहेर रणरणतं ऊन, आत ती बिचारी ओले केस घेऊन बसलेली. त्याच आठवड्यात मी इन्व्हर्टर घ्यायला निघाले. घाईत होते, आणि दुकानदारानं ते ओळखलं.

मी पहिलाच प्रश्न विचारला होता, "ड्रायर आणि गिझर चालेल का?" तो म्हणाला, "ताई, दोन केव्हीएचा आहे, दोन बॅटऱ्या आहेत. सगळं पार्लर तीन तास चालतंय बघा, टेन्शनच घेऊ नका." माझ्यासमोर त्यानं मेन बंद करून ड्रायर लावला. गरम हवा आली. मी ५२ हजार रुपये दिले.

त्याचा अंगठा बटण एकदाच सरकवून थांबला होता, हे मला फार उशिरा आठवलं. आपल्या ड्रायरला दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर बहुतेक ड्रायरची कॉइल साधारण निम्म्या ताकदीवर तापते, हवा कोमट-गरम येते आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही. पार्लरमध्ये मात्र ब्लो ड्राय आपण दुसऱ्या पायरीवरच करतो.

पुढच्या वेळी वीज गेली, मी दुसरं बटण दाबलं आणि इन्व्हर्टर टीं टीं करत बंद पडला. दिवे, पंखे, सगळंच गेलं. फोन केल्यावर त्याचा माणूस आला, बोर्ड उघडून पंधरा मिनिटं काहीतरी केलं, ८०० रुपये घेतले आणि म्हणाला, "आता ट्रिप होणार नाही." खरंच झाला नाही. पण त्यानंतर वीज गेली की दिवे-पंखे चालू असायचे आणि ड्रायरचा सॉकेट मेलेला.

शेवटी आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियन अण्णांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडून दाखवलं. ड्रायर आणि गिझरच्या सॉकेटची वायर इन्व्हर्टरवरून काढून थेट मेनला जोडली होती. म्हणजे ज्या कामासाठी मी पैसे मोजले, तेच काम त्यानं गुपचूप काढून टाकलं होतं, आणि त्याचेही ८०० घेतले होते.

अण्णांनी मला ड्रायरच्या मुठीवरचं लेबल वाचायला लावलं: २००० वॅट. गिझरवर ३००० वॅट. दोन केव्हीए म्हणजे २००० वॅट नव्हे. माझ्या इन्व्हर्टरला १६०० वॅटच्या आसपासच भार पेलतो. गिझर तर सोडाच, एकटा ड्रायरसुद्धा त्याच्या बाहेरचा.

मोठा इन्व्हर्टर घेतला असता तर? तेही त्यांनी समजावलं. १२ व्होल्ट, १५० एएचच्या दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३६०० वॅट-तास. पण ते १५० एएच सावकाश, साडेसात अँपिअरनं २० तास काढले तर मिळतात. ड्रायर २४ व्होल्टच्या बॅटरीतून ८३ अँपिअरच्या वर ओढतो, कारण इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. एवढ्या वेगानं ओढलं की बॅटरी तासभरही टिकत नाही, आणि रोज असं केलं तर तिचं आयुष्यही लवकर संपतं. दिवे, पंखे, ट्रिमर आणि स्ट्रेटनर असा मिळून ३०० वॅटचा भार मात्र त्याच बॅटऱ्यांवर आरामात काही तास चालतो.

खर्चाचंही तेच. २००० वॅटचा ड्रायर अर्धा तास चालला की एक युनिट. तेच युनिट बॅटरीतून घेतलं तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज आणि बॅटरीची झीज असं दुहेरी पडतं.

आता माझा इन्व्हर्टर फक्त हलक्या वस्तूंसाठी आहे. पाणी सकाळीच साठवणीच्या गिझरमध्ये तापवून ठेवते, आणि नवरीच्या दिवशी भाड्याचा जनरेटर सांगते. तोही ड्रायर आणि बाकीच्या वस्तूंच्या वॅटची बेरीज करूनच. तुम्ही इन्व्हर्टर बघायला गेलात तर स्वतःचा ड्रायर घेऊन जा, दुसऱ्या बटणावर दहा मिनिटं चालवायला सांगा, आणि "२००० वॅटचा ड्रायर चालेल" असं बिलावर लिहून मागा. माझ्या बिलावर फक्त "इन्व्हर्टर सेट" लिहिलंय, मॉडेल नाही की सिरियल नंबर नाही. वॉरंटी कार्डही कोरंच आहे.

दुकानदार म्हणतो, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक तक्रार होत नाही. तसं नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरायला घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि उघडलेल्या बोर्डाचे फोटो जपून ठेवले आहेत.