सहा महिने वापरलेलं दहावीचं गणित सराव पुस्तक, आणि उत्तरसूचीतलं एक उत्तर

जूनमध्ये मुलीसाठी दहावी गणित भाग १ चं एक सराव पुस्तक घेतलं, आता डिसेंबर उजाडलाय, म्हणजे रोज तासभर तरी हाताळून सहा महिने झाले. प्रकाशकाचं नाव इथे देत नाहीये, कारण पत्र त्यांना आधीच पाठवलंय आणि त्यांना दुरुस्तीला वेळ मिळायला हवा. पुस्तक चांगलं आहे हे आधीच सांगते. कागद जाड आहे, शाई मागच्या पानावर उतरत नाही, आणि मुख्य म्हणजे उदाहरणं सोप्याकडून अवघडाकडे नीट चढवत नेलीयेत, वर्गसमीकरणाचा धडा तर तिला शाळेपेक्षा इथेच जास्त कळला. बाइंडिंग मात्र ऑक्टोबरात सुटलं, टेप लावून चालवतोय.

पण अंकगणित श्रेढीच्या धड्यात एका उत्तरापाशी आम्ही दोन संध्याकाळी अडकलो. त्याबद्दल लिहिलेलं पत्र खाली तसंच देतेय, ज्यांच्या घरी अशी सराव पुस्तकं असतील त्यांना उपयोगी पडेल.

---

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुस्तकातल्या श्रेढीच्या सरावसंचात एक उदाहरण आहे: २७, २४, २१, १८, ... या श्रेढीच्या पहिल्या किती पदांची बेरीज १३२ येईल? उत्तरसूचीत फक्त n = 8 दिलंय, आणि खाली एक ओळ आहे की n = 11 घेतल्यास अकरावं पद ऋण येतं म्हणून ते ग्राह्य नाही. मला हे कारण चुकीचं वाटतंय, आणि 11 हेसुद्धा बरोबर उत्तर आहे असं वाटतंय. कसं ते मांडते, माझंच कुठे चुकत असेल तर जरूर कळवा.

पहिलं पद a = 27, फरक d = -3. सूत्रात घातलं की

Sₙ = n/2 [2a + (n - 1)d]
132 = n/2 [54 - 3(n - 1)]
264 = n(57 - 3n)
3n² - 57n + 264 = 0
n² - 19n + 88 = 0
(n - 8)(n - 11) = 0

इथपर्यंत तुमचं आणि आमचं एकच आहे. n = 8 किंवा n = 11. फरक पडतो तो यापुढच्या एका ओळीत.

सूत्र बाजूला ठेवून मी सरळ बेरीज करून बघितली. पतसंस्थेत अकाउंट्सला आहे, त्यामुळे शंका आली की हाताने बेरीज मारून बघायची सवय आहे. २७, २४, २१, १८, १५, १२, ९, ६ ही आठ पदं, बेरीज १३२. आता पुढची तीन पदं लिहा: ३, ० आणि -३. या तिघांची मिळून बेरीज शून्य. म्हणजे आठ पदांपाशी जी १३२ होती ती नवव्या पदाला १३५ झाली, दहावं पद शून्य म्हणून १३५ च राहिली आणि अकराव्याला परत १३२ वर आली. प्रश्नात एवढंच विचारलंय की किती पदांची बेरीज १३२, तर आठचीही आहे आणि अकराचीही आहे.

माझ्या मते गोंधळ झालाय तो पद आणि पदांची संख्या यांच्यात. ऋण असून चालत नाही ते n, कारण n म्हणजे आपण किती पदं घेतली, आणि उणे चार पदं किंवा साडेतीन पदं घेता येत नाहीत. पद स्वतः ऋण असायला काहीच हरकत नाही, फरक -3 असलेली श्रेढी कधी ना कधी शून्याखाली जाणारच, तुमच्याच धड्याच्या सुरुवातीला ऋण पदांच्या श्रेढ्या उदाहरण म्हणून दिल्यात.

याच सरावसंचात त्याच्या आधी ३, ७, ११, ... ची बेरीज २१० कधी होते असं विचारलंय. तिथे 2n² + n - 210 = 0 येतं, म्हणजे n = 10 किंवा n = -21/2, आणि तुम्ही -21/2 सोडून दिलंय ते अगदी योग्य आहे. तिथे सोडायचं कारण n मध्येच आहे. मला वाटतं त्याच ओघात पुढच्या उदाहरणातही एक उत्तर सोडायचंच असं धरलं गेलं असावं.

एक बाजू मात्र मी स्वतःच तपासली, कारण तुमच्या डोक्यात कदाचित ती असेल. हेच आकडे शाब्दिक उदाहरणात आले तर 11 खरंच सोडावं लागतं. समजा विटांचा ढीग रचलाय, सगळ्यात खालच्या थरात २७ विटा, वरच्या प्रत्येक थरात तीन कमी, एकूण विटा १३२, तर थर किती? समीकरण तेच, मुळंही 8 आणि 11, पण अकराव्या थरात उणे तीन विटा असू शकत नाहीत म्हणून उत्तर आठच. तिथे पद म्हणजे विटांची संख्या असल्यामुळे तेही ऋण चालत नाही. तुमच्या प्रश्नात विटा नाहीत, थर नाहीत, फक्त श्रेढी आहे. त्यामुळे ते कारण इथे लागू होत नाही.

हे एवढं लांबवून लिहितेय कारण माझ्या मुलीने दोन्ही उत्तरं लिहिली होती. वहीत "n = 8 किंवा n = 11" असं स्वच्छ लिहिलंय, मग उत्तरसूची बघून तिने 11 वर लाल पेनने काट मारली आणि बाजूला लिहिलं "पद ऋण नको". आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका उदाहरणात तिने याच नियमाने बरोबर आलेलं उत्तर खोडलं. चुकीचं उत्तर एका उदाहरणापुरतं राहतं, पण चुकीचं कारण ती पुढच्या प्रत्येक उदाहरणाला लावत गेली.

तर विनंती अशी की उत्तर n = 8 किंवा n = 11 असं करावं, ती कारणाची ओळ काढावी, आणि जमलं तर तिथे ३ + ० + (-३) = ० हे दाखवावं, मुलांना दोन उत्तरं का येतात ते लगेच दिसतं. नवीन आवृत्तीला वेळ असेल तर तोवर शिल्लक प्रतींमध्ये शुद्धिपत्राची चिठ्ठी घालता येईल.

आपली,
एक पालक

---

पत्र पाठवून बारा दिवस झाले, अजून उत्तर नाही, आलं की इथेच खाली लिहीन. पुस्तक घ्यावं का असं कोणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण श्रेढीच्या धड्यात फरक ऋण असलेली आणि बेरीज दिलेली जेवढी उदाहरणं आहेत तेवढी उत्तरसूचीवर न जाता मुलांकडून हाताने बेरीज करून तपासून घ्या. आम्ही तशी पाच तपासली, बाकीची चार बरोबर निघाली. मुलीच्या वहीत आता त्या 11 भोवती हिरवा गोल आहे आणि शेजारी तिन्ही पदं लिहिलेली आहेत.