फोटोवरून दगड ओळखायचा तर कस पाहावा की चमक?

दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांतून निघणारे स्फटिक गोळा करणाऱ्यांसमोर एक प्रश्न हमखास येतो. नमुना जाणकाराला फोटोवरून दाखवायचा आहे, तर मेहनत कुठे घ्यायची? घासून कस काढायचा आणि त्या रेघेचा फोटो पाठवायचा, की दगड न दुखावता चमक आणि स्फटिकाची घडण नीट टिपायची? मी बराच काळ पहिला मार्ग धरला होता, आता दुसऱ्यावर आलोय. तुमचा दगड कुठल्या भागातला आहे यावर उत्तर थोडं बदलेल, तेही सांगतो.

रंगाबद्दल थोडक्यात. वाघोलीच्या खाणींतला गडद निळा गोळा दिसला की बहुतेक लोक कॅव्हान्साइट म्हणून मोकळे होतात, आणि सहसा ते बरोबरही असतं. पण त्याच घटकांचं, तितकंच निळं पेंटागोनाइटही तिथेच सापडतं आणि तिथे रंग काही मदत करत नाही. पाषाणकडच्या हिरव्या अपोफिलाइटमुळे ‘हिरवं म्हणजे अपोफिलाइट’ असा समज पसरला आहे. खरं तर अपोफिलाइट बिनरंगीही असतं आणि ह्यूलँडाइट कधीकधी हिरवं निघतं. शिवाय फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग सुधारतो. पीचच्या छटेचं स्टिल्बाइट घरातल्या दिव्याखाली केशरी दिसतं आणि ढगाळ उजेडात जवळजवळ पांढरं.

आता कस. सोनार कसोटीवर सोनं घासतो तसं खनिज खरखरीत चिनी मातीवर घासायचं. टाइलची बिनचकाकीची मागची बाजू चालते. ढेकूळ कसंही दिसो, त्याच्या पुडीचा रंग सहसा ठरलेला असतो, म्हणून ही खूण रंगापेक्षा भरवशाची. गोव्यातलं किंवा रेडीकडचं लोहखनिज ओळखायचं असेल तर मी आजही कसच काढायला सांगेन. काळं, चकाकणारं हेमॅटाइट घासलं की रेघ तांबूस तपकिरी येते, गोएथाइटची पिवळट तपकिरी, मॅग्नेटाइटची काळी. पूड चमकत नसल्यामुळे फोटोत ती परावर्तनाने फसवत नाही. शेजारी पांढरा कागद ठेवला की छटाही बऱ्यापैकी खरी येते.

बेसाल्टच्या पोकळ्यांत मात्र हाच कस माझ्या कामी आला नाही. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट, कॅल्साइट या सगळ्यांचा कस पांढरा. पांढऱ्या टाइलवरची पांढरी रेघ फोटोत धड दिसतही नाही. ती दिसावी म्हणून मी काळ्या खरखरीत दगडावर घासून पाहिलं. रेघ छान उठली, पण ती सगळ्यांची सारखीच. क्वार्ट्झची आणखी एक अडचण आहे. ते टाइलइतकंच किंवा तिच्याहून थोडं कठीण असतं, त्यामुळे घासल्यावर निघणारी पांढरी पूड टाइलची असते आणि आपण ती दगडाचा कस म्हणून नोंदवतो. आणि जे मला सर्वांत लागलं ते हे: रेघ काढण्यासाठी मी एका सुंदर बिनरंगी स्फटिकाचं टोक घासलं. ते टोक बोथट झालं, कस पांढरा निघाला आणि नमुना कशाचा हे आधी जितकं कळलं होतं तितकंच राहिलं. त्या दिवसापासून पोकळीतले स्फटिक मी घासत नाही.

चमकेबद्दल लोकांचा आक्षेप असतो की ती फोटोत येत नाही. एका फोटोत खरंच येत नाही. दगड थोडा थोडा फिरवत काढलेल्या तीन फोटोंत येते, असा माझा अनुभव आहे. फ्लॅश बंद ठेवायचा. ऊन नसलेल्या खिडकीशी दगड काळ्या कापडावर ठेवायचा आणि खिडकीचं प्रतिबिंब आळीपाळीने स्फटिकाच्या वेगवेगळ्या पृष्ठांवर येईल असा वळवायचा. स्क्रीनवर सर्वांत उजळ जागी बोट ठेवून उजेड थोडा कमी केला की प्रतिबिंब जळून पांढरं होत नाही. मग फरक दिसतो. काचेसारख्या चमकेत खिडकीची चौकट रेखीव कडांसह उमटते. मोत्यासारख्या चमकेत कडा विरघळतात आणि उजेड पृष्ठाच्या जरा आतून आल्यासारखा वाटतो. तो खरोखरच आतून येतो. खनिज ज्या दिशेने सहज फुटतं, म्हणजे ज्या दिशेला त्याचं पाटन असतं, तिथे पृष्ठाखाली समांतर बारीक भेगांचे थर असतात आणि प्रत्येक थर थोडाथोडा प्रकाश परत पाठवतो. म्हणून चमक ‘कशी’ याइतकंच ती ‘कुठल्या पृष्ठावर’ हे महत्त्वाचं.

विहिरीच्या खोदकामाच्या ढिगातून मिळालेला माझा एक नमुना घ्या. फिकट पीच रंगाच्या, मध्ये आवळलेल्या पेंढीसारख्या जुड्यांवर साधारण दीड सेंटिमीटरचा एक बिनरंगी ठोकळा. जुड्यांबद्दल शंका नव्हती, ती पेंढीची घडण स्टिल्बाइटची. ठोकळ्याला चार नावं शक्य होती: क्वार्ट्झ, कॅल्साइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट. पहिल्या, समोरून काढलेल्या फोटोत तो नुसता काचेचा तुकडा दिसत होता. दुसऱ्यात उजेड बाजूने आला आणि उभ्या पृष्ठांवर लांबीच्या दिशेने बारीक रेषा उठल्या. क्वार्ट्झच्या उभ्या पृष्ठांवरच्या रेषा आडव्या असतात, तेव्हा ते गेलं. आतल्या भेगाही तिरप्या नव्हत्या. कॅल्साइट तीन तिरक्या दिशांनी फुटतं आणि त्या भेगा फोटोत चमकून उठतात, म्हणून तेही मागे पडलं. तिसऱ्या फोटोसाठी ठोकळ्याचा सपाट माथा खिडकीकडे वळवला. बाजूंवर चौकट स्वच्छ उमटली होती, माथ्यावर मात्र दुधी, मऊ उजेड पसरला. ह्यूलँडाइटमध्ये मोत्याची चमक शवपेटीच्या आकाराच्या स्फटिकाच्या रुंद बाजूवर येते. चौकोनी ठोकळ्याच्या फक्त माथ्यावर ती असेल तर अपोफिलाइट. अनुभवी संग्राहकाला तेच तीन फोटो पाठवले, त्यांनीही तेच नाव दिलं.

या पद्धतीलाही तोटे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. ओला किंवा तेलकट दगड सगळीकडे काचेसारखाच चमकतो, म्हणून धुऊन पूर्ण वाळल्यावरच फोटो काढा. धूळ बसलेलं पृष्ठ खोटी मोतिया चमक दाखवतं. आकाराचा अंदाज यावा म्हणून चौकटीत पट्टी ठेवा, नाहीतर दोन मिलिमीटरचा स्फटिक फोटोत दहाचा वाटतो. लोहखनिजावर एवढा खटाटोप करण्याची गरज मला वाटत नाही, तिथे एक रेघ पुरते.

पण तुमचा संग्रह पुणे, नाशिक, जळगावकडच्या बेसाल्टमधला असेल, तर टाइल बाजूला ठेवून खिडकीशी बसावं असं मी सुचवेन. सुयांच्या झुबक्यांपाशी मात्र हीही पद्धत थांबते. स्कोलेसाइट आणि मेसोलाइट दोन्ही पांढऱ्या, बारीक सुयांचे असतात आणि त्यांच्यातला फरक क्ष-किरण तपासणीसारख्या प्रयोगशाळेतल्या चाचणीनेच नक्की ठरतो. माझ्याकडच्या अशा झुबक्यांच्या चिठ्ठीवर मी दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत.