युनिटीत चार महिने, कोटलिनमध्ये सात महिने: माझ्या पहिल्या मराठी शब्दगेमचा अनुभव

पहिला गेम करायचाय तर युनिटी घेऊ का डायरेक्ट कोटलिनमध्ये अँड्रॉइडचा कोड लिहू, हे मला गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. मी सोलापूरचा, दिवसा एका यार्नच्या व्यापाऱ्याकडं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो, सी शार्प तिथंच शिकलो. रात्री जेवण झालं की दोन तास गेमचं काम. गेम अगदी छोटा आहे, एका शब्दाची अक्षरं विस्कटून टाइलवर येतात, वर एका ओळीत कोडं असतं आणि टाइल ओढून शब्द लावायचा, एवढंच. शब्द 1100.

सी शार्प येत होतं म्हणून डोळे झाकून युनिटी घेतलं, 2022 ची एलटीएस आवृत्ती. पहिले पंधरा दिवस खरंच भारी गेले. टाइल ओढली की थोडी मोठी होते, जागेवर सोडली की टच्‌कन बसते, शब्द जुळला की चमक्या उडतात, हे सगळं मी चार संध्याकाळी केलं आणि एका ओळीचंही गणित केलं नाही. टाइलवर तेव्हा ए बी सी डी होतं, मराठी नंतर घालू म्हटलं. हीच माझी सगळ्यात मोठी चूक, आणि मराठीत गेम करणाऱ्या प्रत्येकानं ही टाळावी असं मला मनापासून वाटतं.

मराठी शब्द टाकले तर आधी नुसते चौकोन आले. ते ठीकच आहे, युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच. मुक्ता फॉन्ट घेतला, फॉन्ट ॲसेट तयार केला, त्यात 0900 ते 097F ही युनिकोड रेंज दिली, आता अक्षरं दिसायला लागली. आईला फोन दिला, पहिला शब्द होता किरण, आणि ती म्हणाली, "अरे हे करिण काय लिहिलंयस?"

मला वाटलं टायपो असेल. नव्हता. कारण असं आहे की किरण हा शब्द मेमरीत क, मग ऱ्हस्व वेलांटी, मग र, मग ण या क्रमानं असतो पण कागदावर वेलांटी क च्या आधी येते. ही अदलाबदल कुणीतरी करावी लागते, त्याला शेपिंग म्हणतात. टेक्स्टमेशप्रो ते करत नाही, जसा क्रम तसे आकार शेजारी शेजारी ठेवत जातो, म्हणून वेलांटी क च्या नंतर येऊन र च्या डोक्यावर बसते आणि किरणचं करिण होतं. जोडाक्षरांचं तर विचारूच नका, आपल्या सिद्धेश्वरमधल्या द्ध आणि श्व दोन्हीचे पाय उघडे पडले, सुट्टं द, त्याखाली हलंत, पुढं ध. फॉन्टमध्ये द्ध चा आकार आहे हो, पण त्याला स्वतःचा युनिकोड नंबरच नाही, त्यामुळं रेंज कितीही मोठी दिली तरी तो आकार काही सापडत नाही.

मग दोन महिने मी याच भिंतीवर डोकं आपटलं. पहिला उपाय, शब्दयादीतली सगळी वेगवेगळी अक्षरं काढून प्रत्येकाचं चित्र करायचं. चारशेच्या वर अक्षरं निघाली, स्क्रिप्ट लिहून पीएनजी केल्या, टाइलचं काम झालं. पण वरचं कोडं म्हणजे अख्खं वाक्य, त्याचं काय? प्रत्येक वाक्याचं चित्र करून बघितलं तर गेमची साइज फुगायला लागली आणि एक शब्द बदलला की परत सगळं रेंडर. दुसरा उपाय माझ्या मित्रानं सांगितला, त्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. तो म्हणाला आमच्याकडं जुने डीटीपीचे फॉन्ट असतात तसला वापर, त्यात प्रत्येक अर्धं अक्षर इंग्रजी कीच्या जागी बसवलेलं असतं, शेपिंग लागतच नाही. आणि हे खरंच चालतं! युनिकोडचं रूपांतर करून टाकलं की किरण किरणच दिसतो. पण तो फॉन्ट ॲपमध्ये घालायचं लायसन्स माझ्याकडं नव्हतं आणि रूपांतरात कुठं कुठं रफार हुकत होता, म्हणून तेही सोडलं.

युनिटीच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला पाहिजे. युनिटी 6 पासून यूआय टूलकिटमध्ये ॲडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर म्हणून प्रकार आला आहे, तो हार्फबझ ही शेपिंगची लायब्ररी वापरून नीट शेपिंग करतो. म्हणजे आज कुणी सुरुवातीपासूनच यूआय टूलकिटमध्ये स्क्रीन बांधणार असेल तर हा रस्ता आहे. माझं सगळं जुन्या कॅनव्हासवर आणि टेक्स्टमेशप्रोवर होतं, तिथं त्याचा उपयोग नाही, आणि सगळं परत बांधायचंच तर मी म्हटलं एकदा कोटलिनमध्ये बघू.

अँड्रॉइड स्टुडिओत रिकामा प्रोजेक्ट घेतला, स्वतःचा एक व्ह्यू लिहिला आणि त्यात `canvas.drawText("सिद्धेश्वर", x, y, paint)` एवढी एक ओळ. चाललं. द्ध जागेवर, श्व जागेवर, काही करावं लागलं नाही. अँड्रॉइडचा स्वतःचा मजकूर काढणारा भाग आतून हार्फबझच वापरतो, व्हॉट्सॲपवर मराठी नीट दिसतं त्याच कारणानं हे दिसतं. चार महिन्यांची कटकट त्या रात्री दहा मिनिटांत संपली, मी आईला उठवून दाखवलं.

पण एक अडचण दोन्हीकडं सारखीच आहे, शब्दाची अक्षरं तोडायची कशी. शिक्षण या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात, शि, क्ष, ण, पण कॉम्प्युटरला विचारलं तर लांबी 6 येते, कारण वेलांटी, हलंत आणि क्ष मधले क आणि ष हे सगळे तो वेगळे मोजतो. तयार लायब्ररीच्या भरवशावर राहू नका, जुन्या फोनवर त्या क्ष चे क् आणि ष असे दोन तुकडे करतात, कारण भारतीय जोडाक्षरं एकत्र ठेवायचा नियम युनिकोडमध्ये 2023 सालच्या 15.1 आवृत्तीत आला. मी हे लिहिलं:

```kotlin
fun akshare(shabda: String): List<String> {
    val s = shabda.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
    val out = mutableListOf<String>()
    for (c in s) {
        val mark = c.category == CharCategory.NON_SPACING_MARK ||
                   c.category == CharCategory.COMBINING_SPACING_MARK
        if (out.isNotEmpty() && (mark || out.last().endsWith('\u094D')))
            out[out.lastIndex] = out.last() + c
        else out.add(c.toString())
    }
    return out
}
```

म्हणजे मात्रा, अनुस्वार, हलंत असं काही आलं तर आधीच्या अक्षराला चिकटव, आणि आधीचं अक्षर हलंतावर संपत असेल तर पुढचं व्यंजनही त्यालाच चिकटव. सुरुवातीची replace ची ओळ मात्र नंतर आली. अर्धी शब्दयादी माझ्या मावशीनं तिच्या फोनवर टाइप करून दिली, ती शाळेत मराठी शिकवायची. तिच्या वाऱ्यावर या शब्दात एक टाइल अशी आली की तिच्यावर नुसती आडवी कोयती, आणि पुढचं "या" हे अक्षर वेगळ्या टाइलवर. माझ्या यादीतला तोच शब्द मात्र व्यवस्थित. दोन तास शोधल्यावर कळलं की हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, नुक्तावाला ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि त्यामागं न दिसणारा जोडक. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. दुसऱ्या प्रकारात शेवटचं चिन्ह हलंत नसून तो जोडक असतो म्हणून माझा लूप तिथंच तुटत होता. आता सगळे आधी पहिल्या प्रकारात आणतो. तुमच्या यादीत दऱ्या, पुऱ्या, कोऱ्या असले शब्द टाकून आधी तपासा.

आता कोटलिनमध्ये काय गेलं तेही सांगतो. चमक्या गेल्या. युनिटीत चार संध्याकाळी झालेलं ॲनिमेशन इथं तीन आठवडे खाऊन गेलं आणि तरी तेवढं गोड झालं नाही, प्रत्येक टाइलची जागा, वेग, उसळी सगळं हातानं लिहायचं. दुसरं म्हणजे फोन आला आणि बोलून परत आलं तर गेम पहिल्यापासून सुरू, ही तक्रार पहिल्याच आठवड्यात आली. कमी रॅमच्या फोनवर ॲप मागं गेलं की सिस्टिम ते बंद करते, लावलेल्या टाइल `onPause` मध्ये सेव्ह करायच्या हे मला माहितीच नव्हतं. (हे युनिटीतही करावंच लागतं, पण तिथं मी तेवढ्यापर्यंत पोचलोच नव्हतो.)

साइजमध्ये मात्र जमीन अस्मानाचा फरक पडला, युनिटीची एपीके 38 एमबी होती, ही 5 एमबी. आमचे अर्धे नातेवाईक गेम व्हॉट्सॲपवर मागवतात तर हे जाणवतं. आणि गरम होणं. एप्रिल मे मध्ये सोलापुरात फोन नुसता खिशात असला तरी तापतो, त्यात युनिटीचा गेम काही हालत नसलं तरी दर सेकंदाला तीस किंवा साठ वेळा स्क्रीन काढत बसतो. माझ्या गेममध्ये माणूस दोन मिनिटं नुसता विचार करत असतो हो! व्ह्यूमध्ये `invalidate()` म्हटल्याशिवाय काहीच काढलं जात नाही, फोन गार राहतो. युनिटीतही `OnDemandRendering.renderFrameInterval` वाढवून हे बरंच कमी करता येतं, मला ते उशिरा कळलं.

आयफोनचं म्हणाल तर युनिटी घेतलं की आयफोनवरही फुकटात जातं असं लोक सांगतात, ते अर्धंच खरं आहे. शेवटचं बिल्ड एक्सकोडमध्येच करावं लागतं म्हणजे मॅक लागतो, शिवाय ॲपलची वर्षाला 99 डॉलर फी, गूगल प्लेची एकदाच 25. माझ्याकडं मॅक नाही, त्यामुळं तो मुद्दा माझ्यापुरता निकालात. प्लेवर नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी 12 जणांनी सलग 14 दिवस टेस्टिंगला राहावं लागतं, ते कशातही केलं तरी सारखंच.

तर माझं मत विचाराल तर गेममध्ये वाचायचं जास्त असेल, शब्द, कोडी, गोष्ट, तर कोटलिन. पळणं, उडणं, आपटणं जास्त असेल तर युनिटी, तिथं हातानं फिजिक्स लिहीत बसण्यात काही अर्थ नाही. आणि काहीही घेतलं तरी पहिल्याच दिवशी स्क्रीनवर किरण आणि सिद्धेश्वर हे दोन शब्द टाकून बघा, ए बी सी डी नको.

पुढचा गेम मी युनिटीतच सुरू केलाय. गड्ड्याच्या यात्रेतला आकाशपाळणा आहे, तो फिरताना बरोबर वेळी पाळण्यातून फुगे सोडायचे. मजकूर जवळपास नाहीच, फक्त स्कोअर, आणि देवनागरी आकड्यांना शेपिंग लागत नाही, ते टेक्स्टमेशप्रोतही सरळ दिसतात. पहिल्याच संध्याकाळी १२३ टाकून बघितलं.