बॅटरी फुगलीय: नव्या पेठेतल्या दुकानात बदलायची, कंपनीच्या सेंटरला न्यायची, का फोनच नवा घ्यायचा?

गेल्या मे महिन्यात भाच्याचा फोन हातात घेतला तर मागचं पॅनल एका बाजूने उचललेलं दिसलं. तो म्हणाला मामा, उन्हाने गोंद सुटलाय, फेविक्विक लावतो. म्हटलं थांब जरा. गडी दिवसभर डिलिव्हरी करतो, फोन बाईकच्या होल्डरला, वरून सोलापूरचं ऊन, मॅप चालू आणि चार्जिंगची वायर पण लावलेली. तीन वर्षं जुना फोन. एवढं सगळं एकत्र आल्यावर नुसता गोंद सुटला असेल असं मला काय वाटेना.

ओळखायचं कसं, तर आम्ही कव्हर काढलं आणि स्टीलची पट्टी मागच्या बाजूला आडवी ठेवली. नुसता गोंद सुटला असेल तर पॅनल सपाटच असतं, फक्त कडेला फट दिसते. इथे मधेच पोट आलेलं होतं, पट्टी त्या पोटावर टेकून दोन्ही बाजूंना डुलत होती. काही फोनमध्ये पोट पुढच्या बाजूला येतं, मग स्क्रीन एका कडेने उचलते, तिथून उजेड दिसतो नाहीतर स्क्रीनवर पिवळट डाग येतो. टेबलावर ठेवलेला फोन भोवऱ्यासारखा फिरायला लागला तर तीपण खूण आहे, फक्त कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तर फिरत नाही ना ते बघा. आणि दाबून बघू नका, ही सवय सगळ्यांनाच असते. फोनमधून गोडसर, थिनरसारखा वास येत असेल तर बॅटरीचं पाकीट आतून फुटलंय समजा.

आता नुसती उतरलेली बॅटरी आणि फुगलेली बॅटरी यांत लोक गल्लत करतात. दुपारीच चार्ज संपतो, वीस टक्क्यावरून एकदम बंद पडतो, ही बॅटरी म्हातारी झालीय, पण महिना-दोन महिने थांबलात तरी चालतं, पगार झाल्यावर बदला. फुगलेलीला ही मुदत नाही, मग ती अजून दिवसभर चार्ज टिकवत असली तरी नाही. भाच्याचं म्हणणं हेच होतं की बॅकअप तर मस्त देतोय की.

कारण बॅटरी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पाकिटात गुंडाळलेले थर असतात, त्यात ज्वलनशील द्रव, आणि दोन ध्रुवांच्या मधे प्लास्टिकचा केसापेक्षाही पातळ पडदा. उष्णता, वय, कायम शंभर टक्के भरलेलं ठेवणं, यांनी तो द्रव मोडतो आणि गॅस तयार होतो. पाकीट बंद असल्यामुळे गॅस आतच राहतो, तेच पोट. आता हा गॅस थरांना एकमेकांपासून सरकवतो, त्यात कुणी दाबलं, खिशात घेऊन बसलं, नाहीतर स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की पडदा फाटून आतल्या आत शॉर्ट होतो, आणि त्या उष्णतेने अजून उष्णता तयार होत जाते, ती साखळी मग थांबवता येत नाही. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटते असं नाही, बहुतेक पेटत नाहीत, पण कुठली पेटणार ते बाहेरून कळत नाही.

म्हणून पहिल्यांदा चार्जर काढला, फोन बंद केला, आणि मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घालून त्यात ठेवून गच्चीच्या सावलीत नेला. (आईने विचारलं हे काय लावलंय कुंडीत.) फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला शेजारच्या काकांनी दिला होता, तो ऐकू नका, फ्रिजमध्ये ठेवून गॅस परत जिरत नाही, वर ओल धरते. टाचणी टोचून गॅस सोडायचा उद्योग तर अजिबात नको.

मग प्रश्न उरला कुठे न्यायचं. नव्या पेठेतल्या दुकानात ७०० रुपये आणि अर्ध्या तासाचं काम. कंपनीच्या सेंटरला १,६५० आणि पार्ट मागवायला चार दिवस. नवा फोन साधारण १२,०००. हे आमच्या मॉडेलचे आकडे, तुमचे वेगळे असतील.

नव्या पेठेबद्दल माझं काही वाईट मत नाही, स्क्रीन, चार्जिंग पोर्ट मी तिथेच करतो आणि हात चांगलाय त्या पोरांचा. बॅटरीत अडचण हाताची नाही, मालाची आहे. दुकानात आलेली बॅटरी कधी बनली आणि किती उन्हाळे त्या पत्र्याखाली पडून राहिली हे दुकानदारालाही माहीत नसतं, आणि बॅटरी वापरली नाही तरी उन्हात म्हातारी होतेच. लेबलवर मोठा एमएएच छापलाय म्हणून खूश होऊ नका, त्याच आकाराच्या पाकिटात हजार एमएएच जास्त कुठून येणार? तिथे बदलायची असेल तर लेबलवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर ने सुरू होणारा नंबर शोधा, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. मॉडेल नंबर आणि व्होल्टेज जुन्या बॅटरीवरचंच आहे का ते जुळवा, आणि बिल घ्या, बिल देत नसेल तर उठा. अजून एक, तो जुनी बॅटरी कशाने काढतो ते बघा. फोन बंद करून, गोंद सैल करून प्लास्टिकच्या पट्टीने हळू काढत असेल तर ठीक, लोखंडी पाती घालून उचकटत असेल तर फोन परत घ्या, कारण सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त धोका त्याच दोन मिनिटांत असतो.

सेंटरचे १,६५० जास्त वाटतात, पण बॅटरी त्या मॉडेलचीच असते, जुनी तेच ठेवून घेतात, आणि पॅनलचा गोंद नवा लावतात. चार दिवस फोन नाही ही खरी अडचण, डिलिव्हरीवाल्याला तर मोठीच. आम्ही माझा जुना फोन त्याला दिला. डेटाचा बॅकअप राहिला होता, आणि त्यासाठी फुगलेला फोन परत चालू करून तासभर चार्जिंगला लावायला मी नको म्हटलं, फोटो तसेच राहिले आत, बॅटरी बदलल्यावर सगळे मिळाले.

नवा फोन कधी घ्यायचा, तर फुगीने स्क्रीन वाकवली किंवा तडकवली असेल तेव्हा. स्क्रीनचे ३,००० आणि बॅटरीचे १,६५० धरले की साडेचार हजारांच्या वर जातं, आणि भाच्याचा फोन सेकंडहँड विकला तर चार हजार येणार. आपली स्क्रीन शाबूत होती म्हणून बॅटरीच बदलली. त्याच्या जागी दोन वर्षांपासून अपडेट न आलेला फोन असता तर मी नवाच घे म्हटलं असतं.

चार दिवसांनी फोन सेंटरमधून परत आला. पट्टी लावून बघितली, सपाट. होल्डर काढून टाकायला सांगितलं तर म्हणे मग मॅप कसा बघू, शेवटी असं ठरलं की बाईकवर चार्जिंग लावायचं नाही आणि उभं राहिलं की फोन खिशात नाही, बॅगेत. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर फोन होल्डरवरच होता, पण वायर नव्हती.